विश्वकर्म्याच्या दिवशी थांबवलेले काम

चंडीगडमधल्या ज्या संस्थेत मी संस्कृत शिकवीत असे, तिथे नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस नव्या वस्तूंची आवक वाढली आणि जुने फ्रीज व एसी मागच्या अंगणात येऊन पडू लागले. मोडीत काढायच्या वस्तूंच्या समितीवर यंत्रांशी संबंध नसलेला एक सदस्य असावा असा नियम होता. त्या नियमापायी मी समितीचा अध्यक्ष झालो.

काम करणारे होते आमचे शीख मिस्त्री. ते हंगामी होते. मोडीत निघालेल्या यंत्रांच्या या लॉटचे काम निर्वेध पार पडले, तर त्यांना कायम करण्याची शिफारस जाणार होती. पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाला ही एकच आशा होती.

त्यांचे काम मी भक्तिभावाने पाहत असे. फ्रीजच्या तांब्याच्या नळीवर ते छोटी तोटी कसत, तिची सुई नळीला भोक पाडी आणि यंत्र आतला वायू ओढून सिलिंडरमध्ये भरी. सिलिंडर वजनकाट्यावर उभा असे, कारण तो काठोकाठ भरणे धोक्याचे. फ्रीजचा वायू एका सिलिंडरमध्ये, एसीचा दुसऱ्यात. थंडीत वायू लवकर बाहेर येत नसे, म्हणून ते कॉम्प्रेसरवर कढत पाण्यात बुडवलेली फडकी गुंडाळीत. हा वायू मोकळा सुटला तर सूर्याच्या दाहापासून पृथ्वीला झाकणारे आवरण विरते, हे त्यांनीच मला समजावले होते. रोज सूर्याला अर्घ्य देणाऱ्या मला ते फार लागले.

दिवाळीनंतरचा दिवस उजाडला तेव्हा आठ फ्रीज उरले होते. दुसऱ्या दिवशी भंगारवाला माल उचलणार होता. सणात त्याचा ट्रक अडू नये म्हणून माल उचलण्याची चिठ्ठी मी आधीच सही करून दिली होती. त्या भागात तो विश्वकर्म्याच्या पूजेचा दिवस. कारागीर हत्यारे धुऊन पुजतात, त्यांना हात लावीत नाहीत. तरीही मिस्त्री यंत्र घेऊन आले.

"आज हत्यारे उचलू नका," मी म्हणालो.

"पंडितजी, विश्वकर्मा बाबाजींची पूजा आम्ही तुमच्यापेक्षा जास्त करतो," ते हसले. "पर गॅस को छुट्टी का क्या पता? संध्याकाळपर्यंत आठही मोकळे करतो."

"एका दिवसाने काय बिघडते? देवाचा मान राहू द्या. उद्या सकाळी नऊला सुरू करू."

ते यंत्राला फुले वाहून घरी गेले. मला समाधान वाटले. चिठ्ठीची आठवणही झाली नाही.

सकाळी आम्ही दोघे अंगणात शिरलो तेव्हा ट्रक उभा होता. भंगारवाल्याच्या माणसांनी कॉम्प्रेसर कापून काढले होते. जमिनीवर तेलाचे डाग पडले होते. वायूला ना रंग, ना जाणवेल असा वास; गेला तो कुठे, हे दाखवायला काहीच उरले नव्हते. शेवटच्या फ्रीजच्या नळीतून मात्र अजून फुसकारा येत होता. मिस्त्री धावले आणि त्यांनी पकडीने नळी दाबून चपटी केली.

"ओए, सबर नहीं था?" ते ओरडले.

"चिठ्ठी है जी, आज की तारीख," एका मजुराने कागद पुढे केला. त्यावर माझी सही होती.

तीन फ्रीजची अंगे कुऱ्हाडीने फोडलेली होती. आतला पिवळा फोम विखुरला होता. लाजेने मी एक तुकडा उचलला आणि तो बोटांत चुरला.

"दाबू नका, पंडितजी," मिस्त्री हळूच म्हणाले. "याच्या छिद्राछिद्रांतही गॅसच आहे. चुराल तेवढा निघेल."

दुपारपर्यंत आम्ही ते तुकडे न चुरता जाड प्लॅस्टिकच्या पोत्यांत भरले, तोंडे घट्ट बांधली आणि फ्रीजच्या न फुटलेल्या पेट्यांबरोबर गोदामात ठेवली.

कार्यालयातल्या बाबूंनी छापील प्रमाणपत्र पुढे सरकवले: सर्व यंत्रांतील वायू काढून घेतला आहे. "सही कर दीजिए सर. हवा में कौन देखेगा?" शेजारी मिस्त्री खाली मान घालून उभे होते. माझी सही झाली असती, तर त्यांची शिफारस वर पाठवली गेली असती. हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही.

मी ते वाक्य खोडले. सात यंत्रांतील वायू निसटला, आठव्यातला काहीसा वाचला, आदल्या दिवशी काम मी थांबवले आणि चिठ्ठीही मीच दिली, मिस्त्रींचा यात दोष नाही, असे लिहून सही केली.

मिस्त्रींनी कागद वाचून घेतला. "तुम्ही खरे लिहिलेत," ते म्हणाले, "पर नाम तो मेरा ही कटेगा जी."

तसेच झाले. लॉट अपूर्ण ठरला आणि शिफारस पुढच्या वर्षावर गेली. मला कोणी जाब विचारला नाही; माझ्या वयाचा मान राखला म्हणे. सोमवारी मिस्त्री पुन्हा हंगामी हजेरीपटावर नेहमीसारखी गुरुमुखीत सही करून, नव्याने आलेल्या एसींसाठी सिलिंडर वजनकाट्यावर चढवीत होते. मी नमस्कार केला. त्यांनीही केला, पण त्या दिवशी त्यांनी मला काम पाहायला बोलावले नाही.