वहिनीच्या डोळ्यांतलं काजळ

वहिनी माप ओलांडून हट्टा गावातल्या आमच्या घरात आली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. ती आत आली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सगळ्या बायांना वाटलं, माहेर सुटल्याचं रडू आहे.

"रडू द्या लेकराला, मन हलकं व्हईल," काकू म्हणाली आणि तिला पाठच्या खोलीत बसवून बाया चहाला पांगल्या.

मी घरातली धाकटी. त्या वर्षी वसमतला पार्लरचं काम शिकायला जात होते. पाण्याचा तांब्या घेऊन खोलीत गेले, तर वहिनी पदराचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवून डोळे चोळून राहिली होती. गालांवर काळे ओघळ, पापण्यांच्या कडा लालबुंद.

"काहून चोळून राहिल्या? थांबा!"

ती दचकली. मग हळूच म्हणाली, "ताई, रडत न्हाई मी. दुपारपासून आग व्हतीय. माझे डोळे लय नाजूक आहेत. मेकअपवालीनं काजळ लावलं, ते निघतच न्हाई. कुणाला सांगू, समजंना."

नव्या घरातलं तिचं ते पहिलं मोठं बोलणं.

तेवढ्यात आई खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली आणि खोट्या पापण्यांना हात घालणार, इतक्यात मी तिचा हात धरला. "आई, ओढू नको. डिंकानं चिकटवलेल्या आहेत. ओढल्या तर तिच्या खऱ्या पापण्या उपटतील. आन तेल डोळ्यात गेलं तर धूसर दिसंल." आई जरा नाराज झाली, पण बाजूला बसली.

"डोळ्यात लेन्स आहेत का?" मी विचारलं. नव्हत्या. असत्या, तर आधी त्या काढल्या असत्या.

"मेकअप काढायचं काही तुमच्याकडं आहे का?"

"व्हय, पेटीत. आधी वापरलंय, त्यानं आग व्हत न्हाई. पण पेटी आहेराखाली दबलीय. आल्या आल्या पेटी उघडायला लागले तर लोक काय म्हणतील?"

मी आणि आईनं भांडी, साड्या, शाली बाजूला सारून पेटी उपसली. छोटी बाटली निघाली, आत दोन थर, वर तेलाचा आणि खाली पाण्याचा. बिनवासाचं होतं, हे वाचून घेतलं.

आधी हात धुतले. साबण गेला असावा म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यानं वहिनीचे डोळे नीट धुवून काढले. मग बाटली जोरात हलवली, कापसाचा चपटा तुकडा भिजवून मिटलेल्या पापणीवर ठेवला आणि तसाच धरून बसले. हात फिरवला नाही. वसमतच्या बाई नेहमी म्हणायच्या, काम द्रवाला करू द्यायचं, बोटांना नाही. वहिनीचं कपाळ माझ्या दुसऱ्या हाताला लागलेलं, गरम. मनात तीसपर्यंत मोजलं आणि वरून खाली हलकेच पुसलं. काळा थर अख्खा कापसावर आला.

"अगं बया!" आई पुढं सरकली.

खोट्या पापणीच्या मुळाशी ओला कापूस धरून ठेवला. डिंक सुटला तशी बाहेरच्या कोपऱ्याकडून ती आपोआप निघून आली. प्रत्येक वेळी कापूस नवा घेतला. शेवटी पापणीच्या कडेचं काजळ राहिलं. वहिनीला वर बघायला सांगून कापसाच्या काडीनं बाहेरच्या कडेवरूनच पुसलं. अगदी आतलं मात्र राहू दिलं.

"तेबी काढा ना, ताई."

"तिथं खरवडायचं न्हाई. ते डोळ्यातल्या पाण्यासंगं निघून जाईल. आन उद्या सकाळी लाली कमी न्हाई झाली, दुखलं, न्हाई तर नीट दिसंना, तर सरळ वसमतला डोळ्यांच्या डॉक्टरकडं. पूजेचं मी बघते."

नंतर तिनं चेहरा धुतला, स्वच्छ मऊ कपड्यानं टिपला आणि कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली माझ्याकडं पाहिलं. इतक्या मेकअपखाली एक साधी, माझ्याच वयाची पोरगी बसलेली होती, हे तेव्हा कळलं. आणि मग ती खरोखरची रडली. आईनं तिला जवळ घेतलं. मीही रडले, उगाच.

सकाळी लाली बरीच उतरली होती. पूजेला वहिनी बिनकाजळाची बसली. कुणीतरी टोकलंच, "नवरी आन डोळे रिकामे?" तेव्हा आईच म्हणाली, "तकलीफ होती तिच्या डोळ्यांना. मीच सांगितलं." वहिनीनं खाली मान घालून माझ्या हाताला चिमटा काढला.

ते घर आता माझ्यासाठी माहेर झालंय. औंढ्याला माझं छोटं पार्लर आहे. नवरी समोर बसली की मी मेकअपच्या आधी डोळ्यांचं विचारते, आणि काढायचं कसं ते घरच्या एका बाईला शेजारी बसवून शिकवते. पोरी हसतात, म्हणतात, लावायच्या आधीच काढायचं काय सांगता. दुपारी दुकान रिकामं असलं की ती पाठची खोली, साड्यांचा ढीग आणि मिटल्या डोळ्यांनी निवांत बसलेली वहिनी आठवते. लग्नाच्या सगळ्या धावपळीत तेवढाच वेळ शांत होता.