विहिरीच्या पावडरीचा तक्ता

पंचायत समितीत मी कारकून होतो. पटकीच्या दिवसांत विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची पद्धत सांगणारं सहा पानी परिपत्रक कुणी वाचेना, म्हणून डोकेफोड करून मी त्याचा एका पानाचा तक्ता केला. ग्रामसेवकानं विहिरीतलं पाणी मोजायचं, त्या मापावरून डॉक्टरांनी पावडर मंजूर करायची, ग्रामसेवकानं ती गोदामातून नेऊन टाकायची, अर्ध्या तासानं आरोग्य निरीक्षकानं पाणी तपासायचं. दर टप्प्यापुढे सही.

आठवड्यानं एका ग्रामसेवकानं भरलेला तक्ता आणून दिला. पाणी तपासल्याची सहीसुद्धा होती. मी खूश होऊन त्याच्याबरोबर गोदामात गेलो, तर त्याच्या गावचं पोतं तसंच पडलेलं.

"हे काय बे?" मी ओरडलो.

"धाड गावच्या बाजारात दोघंही साहेब भेटले, तर सगळ्या सह्या घेऊन टाकल्या. आता पावडर द्या."