चौतीस फुटांचा धडा

आमच्या संत्र्याच्या बागेतल्या सालदाराला त्या पाडव्याला पुढच्या सालासाठी ठेवलं नाही, ते माझ्यामुळे. अकरा वर्षं तो आमच्याकडे होता. त्याचा गुन्हा एवढाच की तो खरं बोलला आणि मी विज्ञानाचा मास्तर होतो.

मी अमरावतीच्या शाळेत शिकवतो. शेती परतवाड्याच्या पलीकडे, ती थोरला भाऊ पाहतो. दादाला माझ्या शिक्षणाचा फार अभिमान. घरात मिक्सर बिघडला तरी तो म्हणायचा, "लहान्याले येऊ द्या, त्याले समजते ह्यातलं." हे ऐकून मी किती फुगायचो, ते आता आठवलं की कान गरम होतात.

आंबिया बहराच्या झाडांना डिसेंबरात ताण देतात. पाणी पूर्ण तोडतात, पानं मलूल होईपर्यंत. मग जानेवारीत ताण तोडायचा, म्हणजे भरपूर पाणी द्यायचं, की झाड फुलावर येतं. पाणी वेळेवर मिळालं नाही तर झाड वाळायला लागतं आणि वर्षाचा बहर जातो. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. नेमक्या ताण तोडायच्या दिवशी विहिरीवरची मोटर सुरू केली, पाण्याची एक चूळ पडली आणि पाइप कोरडा. मोटर गरगरत होती, पाणी नव्हतं. विहिरीत मात्र खाली हिरवंगार पाणी दिसत होतं.

दादाचा फोन आला. मी म्हणालो, "तीनची मोटर थकली. पाच हॉर्सपॉवरची बसव." म्हणालो काय, शनिवारी अमरावतीहून नवी मोटर घेऊनच गेलो.

पाचची मोटर बसली. पुन्हा एक चूळ, पुन्हा कोरडं. आवाज तेवढा मोठा झाला.

दादा वायरमनला आणायला गेला होता. विहिरीवर मी आणि सालदार. तो काठावर उकिडवा बसून खाली बघत म्हणाला, "सर, मोटर कितीबी मोठी आना. पंप पानी ढकलते, वढत नाई. पानी खाली गेलं, तं मोटर खाली न्या. तुमच्या बाबाच्या टायमाले इंजिन त्या गर्डरवर उतरवत होते."

वीस फुटांवर, विहिरीच्या आत, दोन गंजलेले गर्डर आडवे होते. मी हसलो. पंप पाणी ओढत नाही, हे तो मला सांगत होता!

"तसं नसतं," मी म्हणालो. "तू दिवाळीत पाइप काढून बसवला ना? फूटव्हॉल्व्ह गळतोय. नाहीतर वायसर नीट बसवला नसशील. हवा घेतोय पाइप."

फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाइपाच्या तळाची झडप. पाणी वर येऊ देते, खाली परतू देत नाही. पंप सुरू करण्याआधी वरून बादलीने पाइप भरावा लागतो, तो या झडपेच्या भरवशावर.

"सर, काल दिवस बुडता पाइप भरून ठेवला होता," तो म्हणाला. "सकाळी पाह्यलं तं पानी तोंडालोक तसंच. वाल्व गळला असता तं पानी कुठीसा राह्यलं असतं?"

उत्तर नसलं की मास्तर आवाज चढवतो, तसा मी चढवला. दादा आल्यावर त्याच्यासमोर म्हणालो, "यानं बसवतानाच घोळ केला. आता कारणं सांगतोय." दादा त्याच्यावर तिथेच, वायरमनसमोर, उखडला. सालदार खांद्यावरचा दुपट्टा झटकून पाइप उपसायला विहिरीत उतरला.

नवा व्हॉल्व्ह आणला, नवे वायसर घातले, सगळे जोड आवळले. पालथ्या घड्यावर पाणी. आठ दिवस गेले. पानं चुरगळून गळू लागली. दादा बागेत जायचंही टाळू लागला.

पुढच्या रविवारी परतवाड्याहून मेकॅनिक आला. त्याने मोटरला हातही लावला नाही. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, ओली-कोरडी खूण पाहून दोरी हात पसरून वावांनी मोजली. "छत्तीस फूट," तो म्हणाला. "सर, हे तं काठावरच्या कोनत्याच पंपाच्यानं होत नाई. पंप फक्त पाइपातली हवा काढते. पानी वर चढवते ते बाहेरची हवा, विहिरीतल्या पान्यावर दाबून. तिचा जोर दहा मीटरलोकच. त्यातबी खरं म्हनसान तं सात-आठ मीटरच्या वर भरवसा नाई."

दहा मीटर. म्हणजे चौतीस फुटांच्या आत. हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. दहा मीटर पाण्याच्या उभ्या स्तंभाचं वजन आणि हवेचा दाब सारखे भरतात. पाइपात पूर्ण पोकळी केली तरी पाणी त्याहून वर येणार नाही, मग मोटर पाचची असो की पन्नासची. मुलांकडून पाठ करून घेतलं होतं, चुकलं तर उभं केलं होतं. आणि स्वतःच्या विहिरीवर उभा राहून मला ते आठवलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सालदार शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

दादा तेव्हा, मोटर उचलायला लागेल म्हणून, चेनपुली मागायला शेजारच्या वावरात गेला होता. तो परतला तेव्हा मला दोन वाक्यं बोलायची होती. मी बोललो ती भलतीच. "व्हॉल्व्हचा घोळ होताच. आता मोटरही खाली घेऊ, म्हणजे तिच्यावर भार कमी येईल." मेकॅनिकने भुवया उंचावल्या, पण गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत तो कशाला बोलेल.

मोटर गर्डरवर उतरवली. आता तिच्याखाली पाणी सोळा फुटांवर होतं, वरचे वीस फूट तर ती सहज ढकलणार होती. बटण दाबलं आणि पाइपातून धो धो पाणी आलं. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेची मला अजून लाज वाटते.

बहर अर्धाच आला. पाडव्याला जेवताना दादा म्हणाला, "त्याच्या हलगर्जीपनानं आठ दिवस गेले. औंदा दुसरा पाहू." माझ्या ताटात पुरणपोळी होती. मी तूप मागितलं.

वर्ष गेलं. तो आता परतवाड्याजवळ दुसऱ्याच्या बागेत आहे, असं कळलं. शाळेत तोच धडा शिकवताना फळ्यावर दहा लिहिलं आणि खडू खाली ठेवला. त्या आठवड्याच्या रविवारी मी त्याला शोधत गेलो. तो दांडाला बारं धरत होता, पाटाचं पाणी एकेका वाफ्यात सोडत. मला पाहून फावडं टेकवलं, पाणी विचारलं.

मी सगळं एका दमात सांगितलं. तू बरोबर होतास, मला तेव्हाच कळलं होतं, मी खोटं बोललो. बोलताना माझे डोळे भरले आणि थोडं बरंही वाटू लागलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊले सांगतलं का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग मले कावून सांगून राहिले, सर?" तो म्हणाला. "मले तं माईत होतं."

त्याने फावडं उचललं आणि पुढच्या वाफ्याचं तोंड उघडलं.

परतवाड्याच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागलेली होती. शेजारी आमच्या गावाकडची जीप, अर्धी भरलेली. मी गाडीत चढलो, खिडकीची जागाही धरली. कंडक्टर तिकीट फाडायला आला तेव्हा उतरलो आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

दादा विहिरीवरच होता.