ज्वारीच्या रानातलं आप्पांचं बोलणं

आठवडाभर ऑफिस आणि रविवारी व्हिडिओ, असं माझं दोन वर्षं चाललं होतं. सोलापूरच्या आसपासची पिकं, रानभाज्या, जुनी बियाणी यांवर मी छोटे व्लॉग करायचे. त्या जानेवारीत हुरड्याच्या ज्वारीवर व्हिडिओ करायचा ठरवला आणि बोलायला वडिलांनाच बसवलं. आप्पा रेल्वेत कीमॅन होते. हातोडा घेऊन रोज रूळ तपासत चालायचे. निवृत्त झाल्यापासून होटगीजवळच्या आमच्या तीन एकरांत रमले होते.

आप्पांचा आवाज मुळात मऊ. त्यात आईला, म्हणजे अव्वाला, पाचेक वर्षांपासून कमी ऐकू यायला लागलं होतं. सुरुवातीला आप्पा ओरडून बोलायचे. पण ओरडलं की घरात भांडण चालल्यासारखं वाटायचं, आणि तिलाही राग यायचा. मग हळूहळू त्यांनी बोलणंच कमी केलं. चहा हवा असला की कप वर करून दाखवायचे. तिला कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण ते कपाटात पडून होतं. "रानात गेलं की निस्तं भुर्र भुर्र वाजतंय," एवढंच ती म्हणाली होती. मी तो तिचा हट्ट समजले.

पहिल्या रविवारी मी कॉलरचा छोटा माइक आप्पांच्या सदऱ्यावर चिमट्यानं लावला. त्याला काळ्या स्पंजची टोपी होती. ट्रान्समीटर खिशात, रिसीव्हर माझ्या मोबाइलला. आप्पा बांधावर उभे राहून बोलत होते, वारा सुटला होता, कणसं डोलत होती, चित्र फार सुंदर दिसत होतं. मी स्क्रीनकडे बघत राहिले. हेडफोन पिशवीतच होता.

सोलापूरला माझ्या घरी येऊन ऐकलं, तर आप्पा कुठेच नव्हते. धडाड धडाड असा आवाज, जणू कुणी पत्र्यावर पोती आपटतंय. मधूनच खांद्यावरचा पंचा माइकवर घासल्याची खसखस. एडिटिंगमध्ये खालचे, घुमणारे आवाज कापून बघितले. वारा जरा कमी झाला, पण शब्द तुटकेच राहिले. वाऱ्यानं जिथं पातळी पार वरच्या टोकाला भिडवली होती, तिथला आवाज चेपला गेला होता. तो कशानंच परत येणार नव्हता.

शेवटी शेवटी आप्पा काहीतरी हळू बोलले होते. त्यातला एकच शब्द कळत होता, "गाडगं". मी फोन करून विचारलं.

"काय की," ते म्हणाले. "इसरलो बघ."

ते विसरले नव्हते, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

नवी पेठेत मोबाइलच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथल्या माणसाला मी रेकॉर्डिंग ऐकवलं. तो हसला. "ताई, स्पंज घरात ठीक आहे, पंख्याला, तोंडाच्या फुंकेला. रानातला वारा त्याच्यातून आरपार जातो." त्यानं केसाळ फरची एक टोपी काढली. केसांत वारा अडतो, मंद होतो आणि माइकपर्यंत धक्का पोचत नाही, असं त्यानं समजावलं. "आणि टोपीवर सगळी भिस्त ठेवू नका. कान लावा. हेडफोनशिवाय बाहेर रेकॉर्डिंग म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणं."

पुढच्या रविवारी अव्वाही सोबत आली. तिनं घरून शेंगाचटणी आणि दही आणलं होतं. मी आधी वाऱ्याची दिशा बघितली. आप्पांना बांधावरून खाली, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला आणलं आणि वाऱ्याकडे पाठ करून बसवलं. पंचा काढून ठेवायला लावला. हनुवटीखाली वीतभर अंतरावर, सदऱ्याच्या पट्टीवर माइक लावला. वायरला एक सैल वेटोळं देऊन ती आतून चिकटपट्टीनं बसवली, म्हणजे हलली तरी माइकला ओढ बसणार नाही. त्यावर फरची टोपी.

आप्पांनी मान खाली घालून बघितलं. "हे काय उंदीर लावलीस गं गळ्यात?"

रिसीव्हरला हेडफोन जोडून मी त्यांना नेहमीच्या आवाजात बोलायला सांगितलं. मोबाइलवरची आवाजाची पट्टी लाल होत होती, म्हणून पातळी थोडी उतरवली. आणि मग कानात आप्पा आले. स्वच्छ, जवळ. वारा होता, पण मागे कुठेतरी, पिकात सळसळणारा.

अव्वा शेजारी बसून माझ्याकडे बघत होती. "एनु?" तिनं कानडीत विचारलं. काय गं, काय ऐकतेस? मी हेडफोन काढून तिच्या डोक्यावर चढवला आणि आवाज थोडा वाढवला. तपासून झालंच होतं. आता मी मोबाइलवर फक्त पट्टीकडे लक्ष ठेवणार होते.

आप्पा बोलायला लागले. गूळभेंडी ज्वारीचं कणीस कसं ओळखायचं, हुरडा कोणत्या दिवसांत धरायचा. नेहमीचंच. मग त्यांनी शेजारचं ज्वारीचं एक ताट वाकवून कणीस हातात घेतलं.

"ही जात मी राखली न्हाय," ते म्हणाले. "हिनं राखली. रेल्वेत लागायच्या आधी एकदा लई वाईट साल आलं. मी म्हणलं, बियाणं दळून खाऊ, पुढच्या सालाचं पुढं. हिनं रातोरात गाडग्यात राख घालून बी लपवलं. मला म्हणाली, संपलं. मी लई बोललो तिला, दोन दिवस जेवलो न्हाय. पेरणीला तिनं गाडगं आणून पुढं ठेवलं." त्यांनी कणसावरून अंगठा फिरवला. "तवा काय बोलावं सुचलं न्हाय. नंतर बोलीन म्हणलं, तर ऱ्हाऊनच गेलं. आता तिला ऐकू येत न्हाय."

माझ्या शेजारी अव्वा दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून बसली होती.

"केळस्तद," ती म्हणाली. ऐकू येतंय. मग मोठ्यानं, मराठीत, आप्पांकडे बघून, "समदं ऐकू येतंय मला."

आप्पांनी कणीस सोडलं. ताट झटक्यानं सरळ झालं. ते चोरी पकडल्यासारखे बघत राहिले.

"आता सांगतोय व्हय?" अव्वा म्हणाली. "इतक्या वर्षांनी? त्या उंदराला?"

"तुला कुटं सांगणार? तू मशीन कपाटात ठिवतीस."

"मग बोला की आता. थांबलात कशाला?"

आप्पांनी सदऱ्यावरच्या फरला बोटानं हात लावला, लगेच काढला. मग अगदी हळू, नेहमीपेक्षाही हळू, म्हणाले, "चुकलं माझं तवा." मला ते वाऱ्यात नीटसं ऐकू आलं नाही. मी घरी रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं. अव्वाला तेव्हाच ऐकू आलं होतं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि हेडफोन न काढता दह्याचं भांडं उघडलं.

व्हिडिओत ते ठेवू का, असं मी दोघांना विचारलं. आप्पा नको म्हणाले. अव्वा म्हणाली, "गाडग्याचं ठेव. शेवटचं माझं हाय, ते काप." मी तसंच केलं.

पुढच्या आठवड्यात तिला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले. भुर्र भुर्र म्हणजे काय ते या वेळी मलाच नीट सांगता आलं. मशीनच्या माइकवर वारा आदळतो. डॉक्टर म्हणाले, हो, होतं असं. त्यांनी मशीनमध्ये बाहेरच्या वाऱ्यासाठी वेगळी सोय लावून दिली आणि रानात त्यावरून कानटोपी न घालता पातळ रुमाल बांधायला सांगितलं. सगळा वारा जात नाही, पण अव्वा आता मशीन घालते.

परवा होटगीला गेले, तर दोघं ओट्यावर बसून भांडत होती. चटणीत लसूण किती असावा यावरून. आप्पांचा आवाज तसाच मऊ होता, आणि अव्वा एकेका वाक्याला उत्तर देत होती. मला बघून दोघांनीही हातानंच बसायला खुणावलं, आणि भांडण पुढे चालू ठेवलं.