पाण्याच्या टाकीनंतरची चार मिनिटं

डेपोत त्याला सगळे ‘डिझेल’ म्हणत. हे नाव गाडीवरून नव्हे, घोरण्यावरून पडलं होतं. विश्रांतीच्या खोलीत तो आडवा झाला की बाकीचे ड्रायव्हर आपापल्या चादरी उचलून व्हरांड्यात यायचे. एकोणतीस वर्षं त्याने शहरात बस चालवली होती, आणि या नावाचा त्याला थोडा अभिमानच होता. घोरणारा माणूस म्हणजे कष्टाची झोप झोपणारा माणूस, असं त्याचं सरळ गणित होतं.

बायकोचं गणित वेगळं होतं. ती म्हणायची, “अहो, घोरता ते मी सोसते. पण मधेच बंद पडता ना, तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो.”

“बंद पडलो की धक्का मार,” तो म्हणायचा, आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचा.

वार्षिक तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी त्याच्या गळ्याला टेप लावली, रक्तदाब दोनदा मोजला आणि झोपेच्या तपासणीची चिठ्ठी हातात ठेवली. तेव्हा मात्र हसू पळालं. तपासणीचा चार्ट वाईट निघाला तर गाडी जाणार. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. स्टिअरिंग सोडून दुसरं काय येत होतं त्याला?

सोबतच्या एका ड्रायव्हरने कानात सांगितलं, “झोपूच नकोस. झोपलाच नाहीस तर मशीन काय दाखवणार, डोंबल?”

त्याला ते शंभर टक्के पटलं. तपासणीच्या रात्री दवाखान्यातल्या खोलीत टेक्निशियन ताईने त्याच्या डोक्याला चिकट पेस्ट लावून वायरी जोडल्या, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, नाकाशी बारीक नळी बसवली, बोटाला चिमटा लावला. फॉर्मवर ‘गाडी चालवताना डुलकी लागते का?’ असा प्रश्न होता. त्याने ‘कधीच नाही’वर खूण केली. मग दिवा मालवला आणि तो जागं राहायच्या कामाला लागला. मांडीला चिमटे काढले. तेही पुरेनात, तेव्हा आपल्या रूटचे थांबे तो क्रमाने पुटपुटू लागला. एक फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी ताईने वायरी काढता काढता विचारलं, “काका, किती वेळ झोपलात?”

“डोळ्याला डोळा लागला नाही,” तो म्हणाला, आणि कागदावर मोठं शून्य काढलं. मनातून स्वारी भलतीच खूश होती.

तीन दिवसांनी तो बायकोला घेऊन त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंसमोर बसला. त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

“तुम्ही शून्य लिहिलंय. मेंदूच्या रेषा सांगतायत, सात तासांत तुम्ही तुकड्यातुकड्यांनी दोन तास झोपलात. त्या दोन तासांत श्वास एकशे आठ वेळा अडला. म्हणजे झोपेच्या तासाला चोपन्न. हा आकडा पाचच्या आत हवा.”

“पण मी झोपलोच नव्हतो बाई! कमी झोपलो म्हणजे आकडासुद्धा कमीच यायला...” जीभ घसरल्याचं त्याच्या लक्षात आलं. बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान तापले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं. “अडलेले श्वास झोपेच्या तासांनीच भागतात, काका. जागं राहून आकडा कमी होत नाही,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पेन्सिलीने एकेक रेष दाखवली. ही नाकातल्या हवेची. इथे ती सपाट झालीय, म्हणजे हवा बंद. खालच्या दोन रेषा छातीच्या आणि पोटाच्या. त्या हलतायत, म्हणजे शरीर श्वास ओढतंय, पण घशाची वाट मिटलीय. आणि ही ऑक्सिजनची. ती थोडी मागाहून घसरते. एकदा चौऱ्याहत्तरपर्यंत गेली. मग मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा मोकळा होतो, मोठ्ठं घोरणं, की पुन्हा तेच.

“हा सगळ्यात लांब, बावन्न सेकंद,” त्या म्हणाल्या.

“मी मोजलेत ते,” बायको हळूच म्हणाली. “रोज मोजते.”

त्याने खाली पाहिलं. धक्का मार, धक्का मार म्हणून आपण हसत होतो.

“हे ऐका. घोरण्यासाठी माइक असतो, त्यात तुमचा आवाज आलाय.” त्यांनी बटण दाबलं. त्याचाच जड आवाज आला, “टपाल कचेरी... शाळा... पाण्याची टाकी...” आणि मग घोरणं. ते थांबलं. काहीच नाही. मग गुदमरल्यासारखा हिसका, पुन्हा घोरणं, पुन्हा शांतता. असं बराच वेळ चाललं. मग एकदम, काही झालंच नाही अशा थाटात, “...लाकडाची वखार... डेपो.”

“चार मिनिटं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला वाटतंय तुम्ही सलग बोलत होतात.”

पाण्याची टाकी आणि लाकडाची वखार यांच्या मध्येच ती भिंत होती. सात महिन्यांपूर्वी, भर दुपारी, त्याची गाडी त्या भिंतीत घुसली होती. गाडीत चारच माणसं होती, कुणाला खरचटलंही नाही. चौकशीत तो छातीठोकपणे म्हणाला होता, “मी जागा होतो. ब्रेक लागला नाही. पोरीच्या गळ्याची शपथ.” आदल्याच दिवशी ब्रेक बसवल्याची सही फिटरची होती. त्या सहीवर सगळं शेकलं. बावीस वर्षं त्याच्याबरोबर एका डब्यात जेवलेला फिटर वर्कशॉपमधून उचलून गाड्या धुण्याच्या रांगेत टाकला गेला. त्या दिवसापासून दोघं एकत्र जेवले नव्हते.

खोटं बोललो नाही, असंच तो आजवर स्वतःला सांगत आला होता. पण टाकी आणि भिंत यांच्यामधला रस्ता त्याला कधीच आठवला नव्हता. ते त्याला माहीत होतं. तो कोरा तुकडा त्याने ब्रेकच्या नावावर खपवला होता. आता त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बायकोच्या शेजारी बसवेना.

“झोपताना मास्कचं मशीन लावायचं,” डॉक्टरीणबाई सांगत होत्या. “तोवर गाडी बंद, मी तसं लिहून देतेय. मशीनमधली नोंद चांगली आली, तर पुन्हा बसता येईल. आता खरं सांगा. चालवताना कधी डुलकी लागलीय?”

“लागलीय,” तो म्हणाला.

बायकोला घरी सोडून, चार्टचा कागद घेऊन तो थेट डेपोत गेला. फिटर गमबूट घालून एका बसची चाकं पाइपने धूत होता. त्याने मान वर केली नाही.

“त्या दिवशी मी झोपलो होतो,” तो म्हणाला. “तुझा ब्रेक चांगला होता. हे बघ, यात सगळं आलंय.”

फिटरने पाइप बंद केला, हात पॅंटला पुसले आणि कागद बराच वेळ पाहिला. त्यातलं त्याला काय कळलं कोण जाणे.

“मला साहेबांनी विचारलं होतं,” शेवटी तो म्हणाला. “ड्रायव्हर झोपला असेल का म्हणून. मी म्हणालो, साहेब, नाही. तो पोरीची शपथ खोटी घ्यायचा नाही. ब्रेक माझाच चुकला असेल.”

एवढं बोलून त्याने कागद परत केला, पाण्याचे थेंब पडू नयेत म्हणून दोन बोटांनी कडेला धरून. मग पाइप उचलला आणि पुढच्या चाकाकडे वळला.

डिझेल कागद उघडाच हातात धरून साहेबांच्या ऑफिसचा जिना चढायला लागला.