गोदामातलं दव

इंटर्नशिपसाठी मी वारासिवनीच्या एका राइस मिलच्या गोदामात आर्डुइनो, म्हणजे सेन्सर जोडलेला छोटा सर्किट बोर्ड, बसवला. हवेतला दमटपणा सेन्सर दर मिनिटाला मोजायचा आणि आकडा वेळेसकट मेमरी कार्डावर लिहिला जायचा. आठवड्यानं आलेख काढला, तर जवळजवळ रोज सकाळी दमटपणा थेट शंभरला टेकलेला. मी ऐटीत अहवालात ठोकून दिलं: पहाटेचं दव.

बालाघाटच्या ऑफिसात सरांनी आलेख पाहिला. "अन् रविवारी दव सुट्टीवर असते काय?"

रविवारी मिल बंद असते. सोमवारी सकाळीच मी गोदामात जाऊन उभा राहिलो. मुनीमजींनी वजनकाट्याला उदबत्ती ओवाळली आणि तांब्यातलं पाणी माझ्या सेन्सरवर शिंपडलं.

"काहून शिंपडून राह्यले?" मी ओरडलो.

"नवी मशीन आहे, बाबू. रोज पूजा नाही केली तं बिघडून जाईन ना!"