हयातीचा दाखला आणि मावशीचा कोपरा

आमच्या नात्यात पेन्शन घेणारी तीन माणसं आहेत आणि तिघांच्याही हयातीच्या दाखल्याची आठवण मीच करून देते. हे काम मला कुणी सोपवलेलं नाही. नोव्हेंबर लागला की मी कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवते, एकेकाला फोन करते आणि सही झाली की खूण करते. ‘सरकारी माणूस असतीस तर कधीच रिटायर झाली नसतीस,’ असं माझे यजमान म्हणतात. म्हणू देत.

त्या वर्षी दिवाळी आटोपली आणि अमळनेरच्या मावशीचे यजमान गेले. मावशी धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. निवृत्तीनंतर ती अमळनेरला आली, पण पेन्शन धुळ्याच्या कोषागारातून निघतं आणि खातंही तिथल्याच बँकेत राहिलं. दरवर्षी नोव्हेंबरात नवरा-बायको एसटीने धुळ्याला जायचे. कोषागाराकडून बँकेत पेन्शनरांची यादी येते. मावशी आपल्या नावापुढे सही करायची, मग दोघं मिसळ खायचे आणि दुपारच्या गाडीने परत यायचे.

मी तेराव्याला गेले होते. त्या घरात दाखल्याचा विषय काढायला जीभ रेटेना, म्हणून निघताना मावसभावाला बाजूला घेऊन विचारलं.

“हयातीचं लक्षात आहे ना?”

“हो ताई, मी पाहतो.”

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मावशीचाच फोन आला. आवाज खाली होता, जणू शेजारी कुणी ऐकत असावं.

“डिसेंबरचं पेन्शन जमा झालं नाही गं.”

“सही केली होती ना?”

“कुठून करणार? मी कोपऱ्यात बसलेय.”

आमच्याकडे काही घरांत नवरा गेल्यावर बाई कोपरा धरते. आतल्या खोलीत बसायचं, उंबरठा ओलांडायचा नाही. कुठे सव्वा महिना, कुठे वर्षश्राद्धापर्यंत. मावशीच्या घरी किती दिवस हे ठरवणार होत्या तिच्या थोरल्या नणंद. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्या स्वतः वर्षभर बसल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या लेखी माप ठरलेलं होतं.

मी मावसभावाला फोन लावला. तो नोव्हेंबरातच बँकेत जाऊन आला होता. ‘आई बसलीय, तिच्याऐवजी मी सही करतो,’ असं त्याने तिथे सांगितलं. बँकेतल्या बाईंनी यादी मिटली. “पेन्शन आईंचं आहे, तर हयात त्यांनीच दाखवायला हवी,” असं म्हणून त्यांनी रस्ते सांगितले. स्वतः यावं, किंवा आधार कार्डावरून मोबाइलवर डिजिटल दाखला काढावा. फारच आजारी असतील तर तसं कळवावं, बँकेचा माणूस घरी येईल.

“मग?”

“मग अक्का म्हणाल्या, सांगी दे, आंथरून धरेल शे म्हनीसन. आईने ऐकलं नाही. म्हणाली, खरे आजारी मी जन्मभर पाहिले, मी खोटी आजारी पडणार नाही.”

“आणि मोबाइलवरचं?”

“ते राहून गेलं, ताई.”

राहून गेलं! मी त्याला अधिक बोलले नाही. त्याचं छोटं दुकान, बापाचे दिवस, घरात अक्का. पण दाखला नाही म्हणजे कोषागार पेन्शन थांबवतं. तिथे कोण कुठल्या कारणाने राहिलं याचा रकाना नाही. समाधान एवढंच की ते बुडत नाही. दाखला पोचला की पुन्हा सुरू होतं आणि थांबलेलं मिळतं. मी मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मिळेल तेव्हा मिळेल. काल शुगरच्या गोळ्यांना मुलाकडे पैसे मागितले. त्याने लगेच दिले गं, पण अक्का म्हणाल्या, बसेल माणूसले एवढा खर्च कसाले? नोकरी लागल्यापासून मी कुणापुढे हात केला नव्हता.”

मला तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, पिशवीत चार्जर आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा घातला आणि सकाळच्या गाडीने अमळनेरला उतरले.

मावशी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. खोलीला एक झरोका, तोही शेजारच्या भिंतीकडे. दारात अक्का तांदूळ निवडत होत्या. मी आधी त्यांच्या पाया पडले, मग कामाचं काढलं.

“अक्का, मावशीला कुठे न्यायचं नाही. मोबाइलवर चेहरा दाखवायचा, दाखला इथेच निघतो.”

“घरमाच?”

“घरातच.”

“मंग कर बाई. माले काय, उंबरा वलांडाले नको.”

मी पासबुक आणि पेन्शनचा आदेश पुढ्यात घेतला. आधार क्रमांक, आदेशाचा क्रमांक, खाते क्रमांक. पेन्शन कुठून मिळतं तिथे नीट पाहून धुळ्याचं कोषागार निवडलं. अमळनेर जळगाव जिल्ह्यात म्हणून घाईत जळगाव टाकलं की दाखला भलत्याच कार्यालयात जातो आणि आपण निवांत बसतो. मग पुढचा प्रश्न आला. तो प्रश्न सगळ्यांनाच असतो, पण त्या घरात तो मोठ्याने वाचायला नको होता हे माझ्या तोंडातून निघाल्यावर कळलं.

“पुनर्विवाह केला आहे का?”

तांदळाचं ताट थांबलं.

“आते हाऊ काय सवाल शे?” अक्का म्हणाल्या. “भाऊ जाईसन तीन महिना बी नही व्हयनात!”

“सरकार विचारतं, अक्का. मी नाही.”

“सरकारले सांग, तिनं वय देख म्हना आधी.”

मावशी पदर तोंडाला लावून खाली बघत होती. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. मग तिने पदर काढला आणि खळखळून हसली. अक्कांनी तिच्याकडे रागाने पाहिलं, मग त्यांचाही ओठ वाकडा झाला.

“नाही म्हणून टाक,” मावशी म्हणाली. “सध्या तरी.”

“उगी राह्य!” अक्का म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता.

आता चेहरा. मी मोबाइल तिच्यासमोर धरला. पुरेसा उजेड नाही, असं पडद्यावर आलं. झरोक्याखाली बसवलं, तेच. दिवा लावला तर चष्म्यात चकाकी. चष्मा काढला तर ती डोळे बारीक करून बघायची आणि पापण्या मिटायला सांगितल्या की डोळे घट्ट बंद करून बसायची.

“मावशी, मिटायचे आणि उघडायचे.”

“मी पेशंटांना असंच सांगायचे. ते पण मिटून ठेवायचे.”

चार-पाच वेळा करून पाहिलं. मग मी सरळ अक्कांकडे बघितलं. “दारापुढच्या ओट्यावर यावं लागेल. उजेड तिथे आहे.”

अक्का ताट बाजूला ठेवून दारातच बसून राहिल्या. मावशीने भिंतीचा आधार घेतला, उठली आणि अक्कांपाशी येऊन उभी राहिली.

“सरका, अक्का.”

“लोके काय म्हनतीन?”

“म्हणतील, पेन्शनला उठली.”

अक्का सरकल्या. बाहेरची खोली ओलांडून घराच्या उंबरठ्यावर मावशी क्षणभर थबकली, मग ओट्यावर आली. उन्हाने तिचे डोळे भरून आले. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. मावशीने तिला मान हलवून ‘काय गं’ केलं आणि माझ्याकडे वळली.

उजेड भरपूर होता. तरी मोबाइलने चेहरा जुळत नसल्याचं सांगितलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आधार कार्डावरचा फोटो फार जुना, त्यात ती गोल चेहऱ्याची, भरल्या अंगाची. आता गालफडं बसलेली. मी म्हटलं, “पोस्टमन घरी येऊन बोटाच्या ठशावर काढून देतो. उद्या बोलावू या.”

“बोटं तरी जुळतील का? दवाखान्यातल्या फिनेलने गेलेत ठसे माझे.” ती ओट्यावरून खाली उतरली. “धुळ्याची गाडी किती वाजता आहे?”

“मावशी...”

“इथपर्यंत आलेच आहे. आता बसून पोस्टमनची वाट कोण बघणार?”

आतून अक्कांचा आवाज आला. मी उत्तर द्यायला वळणार तेवढ्यात मावशीच म्हणाली, “अक्का, तुम्ही बसलात तेव्हा तुमचं चालवणारे होते. माझं मला चालवायचंय. संध्याकाळच्या आत येते.”

अक्का चिडून काहीतरी म्हणाल्या, पण थोड्या वेळाने त्याच पाण्याची बाटली घेऊन ओट्यावर आल्या. बाटली मावशीच्या नाही, माझ्या हातात दिली.

एसटीत मावशी खिडकीशी बसली. रस्त्याने कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. ती प्रत्येक फाटा ओळखत होती. मी हातातल्या कागदावर पुढची कामं लिहीत होते.

बँकेत कळलं की नोव्हेंबरची यादी सह्या होऊन कधीच कोषागारात परत गेली. आता राहिलेल्यांनी थेट तिथे जायचं. आम्ही थेट गेलो. कोषागारात पेन्शनच्या टेबलावर एक तरुण लिपिक होते. मावशीने आदेश, पासबुक, आधार कार्ड एकावर एक ठेवलं. त्यांनी हयातीचा नमुना दिला, मावशीने तो माझ्या मदतीशिवाय भरला. मग त्यांनी कपाटातून पेन्शनच्या आदेशाची कार्यालयातली प्रत काढली. तिच्यावर मावशीचा आणि काकांचा जोडीने काढलेला फोटो होता. काकांनी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता, कॉलरची घडीही मोडली नव्हती.

लिपिकाने एकदा फोटोकडे, एकदा मावशीकडे पाहिलं. “साहेब आले नाहीत बरोबर?”

मी बोलायला तोंड उघडलं. मावशीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“ते दिवाळीनंतर गेले. त्यामुळेच मी नोव्हेंबरात आले नाही.”

लिपिकाने प्रतीवर पेन्सिलने खूण केली. “त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत सवडीने आणून द्या, आजी. कुटुंबनिवृत्तिवेतनाला त्यांचं नाव आहे, त्याची नोंद करावी लागेल. तुमच्या पेन्शनला त्याने काही होत नाही.”

“आणते. आणि माझं कधी सुरू होईल?”

“इथे माझ्यासमोर सही करा. या महिन्याचं बिल अजून गेलेलं नाही. थांबलेलं त्यातच घेतो.”

मावशीने सही केली. लिपिकाने ती जुन्या सहीशी ताडून पाहिली, तारीख घातली, शिक्का मारला आणि कागद आपल्या बाजूला ओढून घेतला. बाहेर आल्यावर मी विचारलं, “मिसळ?”

“नको. चहा घेऊ.”

चहाचे पैसे मी काढले तर तिने हात धरला, मग आपल्या बटव्यात काही नाही हे आठवून सोडला. “एवढेच,” ती म्हणाली. “यानंतर नाही.”

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा अक्का ओट्यावरच होत्या. “व्हयनं का काम?” त्यांनी विचारलं.

“व्हयनं,” मावशी म्हणाली. हातपाय धुऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि भाजी काय आहे ते विचारू लागली. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी गाडीची वेळ सांगून निघाले.

फेब्रुवारी लागल्यावर मी तिच्या फोनची वाट पाहिली. फोन आला नाही, म्हणून मीच लावला. मागे गलका होता, कुणीतरी मेथीचा भाव ओरडत होतं.

“जमा झालं का गं?”

“झालं, डिसेंबरचं पण. आता बाजारात आहे, हात गुंतलेत. संध्याकाळी बोलू,” असं म्हणून तिने फोन ठेवला.